दालमिल बुडाली असं समजून बसायचं: आठ स्लाइडची एक बैठक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटांच्या ग्रामसंघाला दालमिल टाकायची होती. कोटेशन आलं होतं, बँकेत फाइल गेली होती, समाजमंदिराशेजारची खोली ठरली होती. बैठकीत मी विचारलं, "यात काय अडचण येऊ शकते?" उत्तर आलं, "काही नाही भाऊ, सगळं बरोबर हाय." चौदा माणसांत एकही अडचण निघाली नाही. पंधरा दिवसांनी त्याच माणसांपुढे तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं ठेवला, तेव्हा 43 चिठ्ठ्या जमल्या. दोन बैठकांच्या मधे काय बदललं आणि त्यासाठी स्लाइड कशा बनवल्या, ते सविस्तर लिहितो. शेतकरी कंपनी, पाणंद रस्ता, शेततळ्यांचा गट, गावातलं वाचनालय अशा कुठल्याही कामाला हा साचा चालेल. पण उदाहरण दालमिलचंच धरतो, कारण अशा बैठकीची किंमत तपशिलात गेल्याशिवाय कळत नाही.

ही पद्धत गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची. 2007 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधल्या लेखात त्यांनी ती मांडली. प्रीमॉर्टेम हे नावही त्यांचंच. माणूस गेल्यावर डॉक्टर कारण शोधतात, पण त्याचा त्या माणसाला काही उपयोग नसतो. म्हणून प्रकल्प सुरू होण्याआधीच तो मेला असं धरायचं आणि कारणं शोधायची. त्यामागचा आधार 1989 चा आहे. डेबोरा मिचेल, जे. एडवर्ड रूसो आणि नॅन्सी पेनिंग्टन यांनी लोकांना घटनांची कारणं द्यायला सांगितली. घटना पक्की घडली आहे असं सांगितलं की लोक कारणं जास्त आणि तपशिलानं देत. 'घडू शकेल' म्हटलं की उत्तरं मोघम होत. काळ भूत की भविष्य यापेक्षा घटना पक्की असण्याला वजन होतं. आपल्या स्लाइडवर याचा थेट परिणाम होतो. तिथे 'जर', 'कदाचित', 'समजा' हे शब्द आले की खेळ संपला.

आमच्या भागात हे नाव मात्र स्लाइडवर टाकू नका. 'पोस्टमार्टम' हा शब्द इथे घराघरांत माहीत आहे, तोही फार वाईट कारणानं. शेतकरी आत्महत्येनंतर मदतीच्या फाइलला जे कागद लागतात त्यात तो येतो. पहिल्यांदा ही बैठक घेतली तेव्हा मी 'प्रीमॉर्टेम' असं ठसठशीत लिहून नेलं होतं. मागच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. ती का गेली ते मला नंतर कळलं. तेव्हापासून शीर्षक साधं ठेवतो: 'पुढच्या मे महिन्यातून मागं पाहू'.

बैठक कधी आणि कुणाची

पैसा अडकायच्या आधी. मशीनची ऑर्डर गेली, आगाऊ रक्कम दिली की कुणी खरं बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो आणि बोलणाऱ्यावरच खापर फुटतं. आराखडा मात्र पुरेसा पक्का हवा: मशीन कोणती, खोली कोणती, कर्ज किती. नुसती कल्पना असेल तर लोक हवेत बोलतात. या दोन टोकांच्या मधला काळ पकडायचा. आमच्याकडे तो पोळ्यानंतरचा आठवडा होता. निंदण आटोक्यात आलेलं असतं आणि कापसाची वेचणी सुरू व्हायला वेळ असतो. वेचणीत बोलावलं तर बाया येतील, पण अर्धा जीव शेतात ठेवून येतील.

माणसं दहा ते पंधरा. आम्ही अकरा संचालिकांशिवाय तिघांना मुद्दाम बोलावलं. मशीन चालवणार तो पोरगा, आणि संचालिका नसलेल्या पण तूर पिकवणाऱ्या दोन बाया. बाहेरचा सल्लागार, मशीन विकणारा, बँकेचा माणूस यांना बोलावलं नाही. विकणारा समोर बसला असताना 'मशीन बंद पडली' असं कोण लिहील?

दोन तास धरा. कागदोपत्री दीड तासात होतं, पण चहा आणि उशीर गावात धरावाच लागतो.

स्लाइडची तांत्रिक बाजू, थोडक्यात

युनिकोड फॉन्ट वापरा, मंगल किंवा निर्मला. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये केलेली स्लाइड शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची खिचडी होते. शेवटी पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेवा. टिनाच्या हॉलमध्ये दुपारी उजेड येतो आणि गडद पार्श्वभूमीवरचं काही दिसत नाही. एका स्लाइडवर सहा ओळींच्या वर जाऊ नका. आठही स्लाइड ड्रॉइंग शीटवर मार्करनं लिहून सोबत ठेवा. लाइट गेली तर भिंतीवर चिकटवायच्या. लाइट जातेच.

स्लाइड 1: आराखडा, आकड्यांसकट

पहिल्या स्लाइडवर प्रकल्प काय आहे ते मांडायचं. ध्येय, उद्दिष्ट, सक्षमीकरण यातलं काही नको. आकडे हवेत, कारण माणूस आकड्यालाच अडतो. आमची स्लाइड अशी होती:

> पीकेव्ही मिनी दालमिल, समाजमंदिराशेजारच्या खोलीत
> तूर: आपल्या आणि शेजारच्या दोन गावांतली
> रोज 8 क्विंटल, महिन्याला 25 दिवस, म्हणजे 200 क्विंटल
> हंगाम: फेब्रुवारी ते मे
> पैसा: बँक कर्ज, गटांचा हिस्सा, अनुदान
> पहिला हप्ता: जानेवारी

(पीकेव्ही म्हणजे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. ही छोटी दालमिल त्यांनीच विकसित केलेली, विदर्भात बऱ्याच गटांकडे दिसते.)

ही स्लाइड पाच मिनिटं तशीच राहू द्या आणि कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. शंका विचारू द्या, पण फक्त समजून घेण्यापुरत्या. चर्चा सुरू झाली की थांबवा. 'रोज 8 क्विंटल' हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचाच निकाल लागतो.

स्लाइड 2: तीन नियम

> आज कोणी चुकीचं नाही.
> आधी लिहायचं, मग बोलायचं.
> कारण वाचलं जाताना कोणी उत्तर द्यायचं नाही.

तिसरा नियम सर्वांत अवघड. अध्यक्षांना तो बैठकीआधी एकटं गाठून सांगा. प्रत्येक चिठ्ठीला "त्याचं तं आपुन केलंच हाय" असं उत्तर मिळालं, की तिसऱ्या चिठ्ठीनंतर सगळ्या चिठ्ठ्या पदराखाली जातात. आमच्या अध्यक्षबाई समजूतदार होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि शेवटपर्यंत काढला नाही. दोनदा हसू आलं तेवढंच.

याच स्लाइडवर एक अडचण हमखास येते, ती इथेच उरकून घ्या. एक म्हातारी म्हणाली, "अजून मशीन आली नाही, अन् बुडाली म्हणता? असं अभद्र कायले बोलाचं?" हा विरोध खोटा नाही. शुभकार्याआधी वाईट बोलू नये हे आपल्या रक्तात आहे, त्याची चेष्टा केली की ती बाई तुटते आणि तिच्यासोबत चारजणी. मी विचारलं, "मावशी, गाडी बाजाराला न्यायच्या आधी तुम्ही चाकाची खीळ पाहता का नाही?" "पाहतो ना." "मग खीळ पाहणं म्हणजे गाडी मोडो म्हणणं झालं का?" ती काही बोलली नाही, पण बसली. कुठे कुठे नारळ फोडून बैठक सुरू करतात. तेही चालतं.

स्लाइड 3: ही एकच स्लाइड खरी

> आज 31 मे आहे.
> आपली दालमिल बंद आहे. दाराला कुलूप आहे.
> बँकेचे दोन हप्ते थकले आहेत.
> गटाच्या बैठकीला चौघीच येतात.
> असं का झालं?

बाकीच्या सात स्लाइड एखाद्यानं घाईत केल्या तरी काम निघेल. ही बिघडली तर काहीच निघत नाही. म्हणून ती कशी लिहायची ते नीट सांगतो.

तारीख पक्की द्यायची, आणि ती कामाच्या चक्राशी जुळणारी हवी. आमची डाळ उन्हात वाळते, पावसाळा लागला की काम थांबतं. म्हणून हंगामाचा हिशेब 31 मेला लागतो. 'एका वर्षानंतर' असं लिहिलं तर डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

परिणाम लिहायचा, कारण लिहायचं नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. आधीच्या एका गावात मी लिहिलं होतं, 'गोदामात 40 क्विंटल डाळ पडून आहे.' वाचायला जिवंत वाटत होतं. पण सगळ्या चिठ्ठ्या विक्रीवर आल्या: भाव पडला, व्यापारी आला नाही, पॅकिंग बरोबर नव्हतं. डाळ पडून आहे म्हणजे ती तयार झाली होती, म्हणजे तूर आली होती, वीज होती, मशीन चालली होती. माझ्या एका ओळीनं बाकीची सगळी दारं बंद केली. तेव्हापासून स्लाइड 3 तपासायची एक सोपी रीत ठेवली आहे. प्रत्येक ओळ वाचून विचारायचं, यातून एखादं कारण आपोआप बाद होतं का? होत असेल तर ओळ काढायची. कुलूप, थकलेला हप्ता, ओस पडलेली बैठक या कुठल्याही कारणानं होऊ शकतात.

क्रियापदं नीट पाहा. 'बंद पडेल' नाही, 'बंद आहे'. 'का होऊ शकतं' नाही, 'का झालं'. मराठीत एका अक्षरानं काळ बदलतो आणि टाइप करताना हात आपसूक भविष्यकाळाकडे जातो, कारण भविष्यकाळ सभ्य वाटतो.

वाचणाराही ठरवून ठेवा. मी हळू वाचतो आणि शेवटच्या प्रश्नानंतर दहा-पंधरा सेकंद काहीच बोलत नाही. ती शांतता अवघडते, तरी भरून काढू नका.

स्लाइड 4: लिहा

> एका चिठ्ठीवर एक कारण.
> 8 मिनिटं.
> बोलायचं नाही. नाव टाकायचं नाही.

चिठ्ठ्या आधीच कापून ठेवा, एकीला पाच. लिहिता न येणाऱ्या बायांचा प्रश्न येतोच. त्यांच्यासाठी शाळेतली नववी-दहावीची पोरगी बसवायची, जी त्या घरची नाही. सासूनं सांगायचं आणि सुनेनं लिहायचं, असं झालं की सासू खरं सांगत नाही. सून तर नाहीच.

अडचणींचे प्रकार, म्हणजे वीज, पैसा, बाजार, माणसं, स्लाइडवर आधी दाखवू नका. दिसले की लोक प्रत्येक खान्यात एकेक कारण टाकून मोकळे होतात, परीक्षेच्या पेपरासारखं. पाच मिनिटं झाल्यावर हात थांबलेले दिसले तर तोंडी एकच प्रश्न विचारा: "ज्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आता हे चालत नाही, तो दिवस कोणता होता?" यावर पुन्हा पेनं चालू लागतात, आणि अनेकदा उपयोगी चिठ्ठी याच शेवटच्या तीन मिनिटांत येते.

स्लाइड 5: फेरी

> एकीनं एक चिठ्ठी वाचायची.
> नवीन कारण असेल तरच.
> सगळ्या संपेपर्यंत फेऱ्या.

क्लाइन यांच्या पद्धतीत प्रत्येकजण स्वतःचं एक कारण वाचतो. गावात मी थोडा बदल करतो. चिठ्ठ्या एका टोपलीत मिसळतो आणि ज्याच्या हाती जी येईल ती त्यानं वाचायची. कुणाची कोणती ते कळत नाही. सुरुवात बिगरसंचालक बाईपासून, शेवट अध्यक्षांनी. एक माणूस भिंतीवरच्या शीटवर लिहीत जातो, शब्द न बदलता. 'वीजपुरवठ्यातील अनियमितता' असं सुधारून लिहू नका. चिठ्ठीवर 'रात्री तीन फेज येते, दिवसा मशीन कशी चालली' असेल तर तेच लिहा, कारण उपाय त्या वाक्यातच असतो.

माणसाचं नाव घेणारी चिठ्ठी हमखास निघते. आमच्या टोपलीत होती, 'पैसे ज्यांच्याकडे होते त्यांनी घरात वापरले.' वाचल्यावर हॉल गार झाला. अशी चिठ्ठी दडपू नका, आणि कोण, कुणाचं असंही विचारू नका. तिचं व्यवस्थेच्या भाषेत रूपांतर करून सगळ्यांना विचारा: "म्हणजे एकाच सहीनं पैसे निघाले, बरोबर?" शीटवर लिहा, 'एका सहीनं पैसे निघाले'. आता ते कारण कुणाच्या अंगावर नाही आणि त्यावर उपाय करता येतो.

43 चिठ्ठ्यांतून सारख्या काढून 19 कारणं उरली. त्यातली बहुतेक अंदाजातली होती. दोन मात्र अशी निघाली की त्यांनी आराखडाच बदलला.

पहिली चिठ्ठी होती, 'वाळवाले जागा नव्हती.' सगळ्या हसल्या, एवढी साधी गोष्ट! मग हिशेब मांडला. तुरीची डाळ करायची तर तूर आधी साफ करतात, सालीला ओरखडे देतात, तेल लावून रात्रभर ढीग ठेवतात आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवतात. मशीनचं काम तासांत होतं, उन्हाचं दिवसांत. आपल्याकडे खोलीवरचा 300 चौरस फुटांचा स्लॅब आहे. दोन इंचांचा थर दिला तर त्यावर दहा-अकरा क्विंटल तूर मावते, आणि ती तीन दिवस हलत नाही. म्हणजे महिन्याला आठ-नऊ वेळा, 80 ते 90 क्विंटल. स्लाइड 1 वर लिहिलं होतं 200. रोज 8 क्विंटल भरडायचे तर तीन दिवसांचे 24 क्विंटल एकाच वेळी उन्हात हवेत, त्याला 720 चौरस फूट लागतात. कोटेशनमधली क्षमता मशीनची होती, स्लॅबची कुणी मोजली नव्हती. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. डाळ घरी करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. फक्त 'काय अडचण येऊ शकते' या प्रश्नात ते बसत नव्हतं.

दुसरी चिठ्ठी पाच जणींनी लिहिली होती, 'तूर आलीच नाही.' इथे एका पातळीवर थांबायचं नाही. का आली नाही? व्यापाऱ्याला विकली. त्याला का? तो हातावर पैसे देतो. आपण डाळ विकल्यावर देऊ. तरी सदस्य आपल्याच मशीनला का थांबणार नाहीत? यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्या दोघी संचालक नव्हत्या त्यांतली एक म्हणाली, "भाऊ, जूनमधे बी-खताले पैसे त्याच्याचकून घेतले ना. तूर निघाली की पह्यली त्याची." म्हणजे तूर जानेवारीत निघते, पण ती कुणाकडे जाणार हे पेरणीलाच ठरलेलं असतं. त्या बाईला बोलावलं नसतं तर ही गोष्ट कुणीही उघड बोललं नसतं, कारण उचल घेतल्याचं संचालिकांनी एकमेकींसमोर कबूल करणं अवघड होतं.

स्लाइड 6: निवड

> प्रत्येकीला तुरीचे 3 दाणे.
> ज्या कारणानं बुडण्याची सर्वांत भीती वाटते, त्यावर ठेवा.

19 कारणांवर काम होत नाही. चार घ्या, फार तर पाच. शीट जमिनीवर पसरून दाणे ठेवायला लावा. एका कारणावर तिन्ही ठेवले तरी चालतील. अध्यक्षांनी शेवटी ठेवायचे. आमच्याकडे वर आली ती चार: तूर न येणं, वाळवायची जागा, दिवसा तीन फेज वीज नसणं आणि एका सहीचा व्यवहार.

भाव पडण्यावरही बरेच दाणे होते. मी ते कारण बाजूला ठेवायला सांगितलं आणि त्यावर नाराजी झाली. माझं म्हणणं असं की बाजारभाव आपल्या हातात नाही. त्यावर 'काय करू' विचारलं तर बैठक सरकारच्या धोरणावर जाते आणि तिथून परत येत नाही. ते कारण खोटं नाही, वेगळ्या शीटवर ठेवायचं: 'आपल्या हाताबाहेरचं, पण लक्षात ठेवायचं'. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर तसं करा.

स्लाइड 7: तक्ता

> कारण | पहिली खूण | आता काय बदलायचं | कोण | कधीपर्यंत

हा तक्ता भरताना लोक थकलेले असतात, म्हणून तो सर्वांत वाईट भरला जातो. 'लक्ष ठेवणे', 'जनजागृती करणे', 'पाठपुरावा करणे' हे शब्द आले की समजा काही ठरलं नाही. दुसऱ्या रकान्यावर जोर द्या. खूण म्हणजे जी तारीख आणि आकडा सांगते, आणि बुडण्याच्या पुष्कळ आधी दिसते. 'तूर कमी आली' ही खूण नाही, तो निकाल झाला. आमची खूण अशी ठरली: 'फेब्रुवारीच्या 10 तारखेपर्यंत 11 पैकी 6 संचालिकांच्या घरची तूर मिलमध्ये आली नाही, तर लगेच बैठक.' ज्या चालवणार त्यांच्याच घरचा माल येत नसेल, तर बाकीच्यांचा कशाला येईल?

उपाय म्हणजे आराखड्यातला बदल. तूर न येण्यावर असा निघाला: माल आणल्या दिवशी निम्मे पैसे द्यायचे. 2025-26 चा तुरीचा हमीभाव 8,000 रुपये क्विंटल आहे, त्याच्या निम्मे 4,000. तूर घेतल्यापासून डाळ विकून पैसे हाती यायला तीन आठवडे धरले. महिन्याला 200 क्विंटलच्या हिशेबानं तीन आठवड्यांची तूर 150 क्विंटल, म्हणजे 6 लाख रुपये खेळते हवेत. आराखड्यात खेळत्या भांडवलाची ओळच नव्हती, सगळं कर्ज मशीन आणि शेडचं. तिथेच ठरलं की पहिल्या हंगामात लक्ष्य महिन्याला 100 क्विंटलच ठेवायचं. मग तीन आठवड्यांचे 75 क्विंटल, 3 लाख रुपये. गटांच्या बचतीतून आणि बँकेकडून मिळून तेवढे उभे करणं त्यांना झेपणारं वाटलं.

लक्ष्य निम्मं झाल्यानं वाळवण्याचाही प्रश्न निम्मा झाला. रोज 4 क्विंटल, म्हणजे उन्हात 12, म्हणजे 360 चौरस फूट. स्लॅब 300 चा आहेच. अंगणात आणखी 300 ची ताडपत्री टाकायची. जी जास्तीची जागा राहते ती ढगाळ दिवसांसाठी. हिवाळ्याच्या शेवटी आपल्याकडे अवकाळी येतो, तेव्हा माल तीनऐवजी पाच दिवस अडकतो.

विजेसाठी मशीन चालवणाऱ्या पोराच्या नावानं काम लागलं: तीन फेजच्या जोडणीचा अर्ज आधी, मशीनची ऑर्डर जोडणीची तारीख कळल्यावर. सहीचं काम सोपं होतं. बँकेत दोन सह्यांचा ठराव त्याच आठवड्यात गेला.

स्लाइड 8: काय बदललं

> जुना आराखडा | नवा आराखडा

ही स्लाइड बैठकीतच भरा, लोक बसलेले असताना. डाव्या बाजूला स्लाइड 1 चे आकडे, उजवीकडे नवे. आमच्याकडे 200 चे 100 झाले, खेळतं भांडवल 3 लाख आलं, पहिला हप्ता जानेवारीऐवजी एप्रिलपासून मागायचं ठरलं, ऑर्डर विजेनंतर गेली. उजवी बाजू डावीसारखीच राहिली तर दुपार फुकट गेली असं स्पष्ट सांगा. त्याचे दोनच अर्थ निघतात. आराखडा आधीच फार चांगला होता, किंवा लोकांनी खरं लिहिलं नाही. पहिला अर्थ मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

तक्त्याचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला की तो शुभेच्छांच्या खाली गाडला जातो. शीटच मिलच्या भिंतीवर लावा आणि महिन्याच्या बैठकीत फक्त 'पहिली खूण' हा रकाना वाचा. दहा मिनिटांचं काम आहे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती पहिल्याच महिन्यात दिसली. ज्या गोष्टीसोबत माणूस रोज जगतो ती चिठ्ठीवर येत नाही. पहिली दहा क्विंटल तूर स्लॅबवर पसरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माकडांचा कळप उतरला. खाल्ली त्यापेक्षा जास्त उधळली, ओली तूर खालच्या मातीत गेली. 43 चिठ्ठ्यांत माकड हा शब्द नव्हता, आणि गावात असं एकही घर नाही जिथे कुडाच्या छपरावर काटे टाकलेले नाहीत. मी विचारलं तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "ते तं असतेच ना भाऊ, ते काय लिहाचं?" भिंतीवरच्या शीटला त्यांनी पेननं पाचवी ओळ जोडली: राखण, सकाळी 6 ते संध्याकाळी 6, पाळीनं. माझ्या स्लाइड 4 वर तेव्हापासून एक ओळ वाढली आहे: 'रोजचंच आहे, असं वाटलं तरी लिहा.'